वापरलेल्या कॉफीचा चोथा त्वचेला नेमके काय देतो?

फिल्टरच्या वरच्या भांड्यातून कॉफीचा अर्क खाली उतरला की मागे काळसर, ओलसर चोथा उरतो. पूर्वी तो तुळशीच्या किंवा गुलाबाच्या मुळाशी जात असे. आता त्यातला बराचसा न्हाणीघरात जाऊ लागला आहे. खोबरेल तेलात कालवून तो हातापायांना चोळला जातो, दही किंवा मधात मिसळून चेहऱ्यावर थापला जातो. त्यामुळे उन्हाने आलेला काळेपणा जातो, डोळ्यांखालची वर्तुळे फिकी होतात, मुरुमे आटतात, मांड्यांवरची खडबडीत चरबी वितळते आणि त्वचा तरुण राहते, असे सांगितले जाते.

या दाव्यांपैकी एक पूर्ण खरा आहे, एक-दोन अर्धवट खरे आहेत आणि उरलेले चोथ्याला लागू पडत नाहीत. सावळ्या व गव्हाळ त्वचेच्या बाबतीत तर काळेपणा घालवण्यासाठी केलेले घासणे हेच नव्या काळेपणाचे कारण ठरू शकते. म्हणून चोथ्यात काय उरते, त्याचा कण त्वचेवर काय करतो आणि तो कुठे वापरावा, हे क्रमाने पाहणे उपयोगी ठरेल.

अर्क पेल्यात, चोथा हातात

कॉफीचे त्वचेसाठी म्हणून जे गुण सांगितले जातात, ते मुख्यतः दोन गोष्टींचे असतात. एक कॅफीन आणि दुसरी क्लोरोजेनिक आम्लासारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये. ही दोन्ही गरम पाण्यात सहज विरघळतात. कॉफी करणे म्हणजेच ही द्रव्ये पावडरीतून बाहेर काढून पेल्यात आणणे. अर्क जितका चांगला उतरेल तितका चोथा रिकामा होईल. क्लोरोजेनिक आम्लाचा मोठा भाग तर बिया भाजतानाच नाहीसा झालेला असतो.

एका घरच्या फिल्टरचा हिशेब मांडून पाहू. चिकोरी नसलेली, अरेबिका व रोबस्टा निम्मी-निम्मी असलेली २० ग्रॅम पावडर घेतली असे समजू. अरेबिकात साधारण सव्वा टक्का आणि रोबस्टात दोन टक्क्यांहून थोडे अधिक कॅफीन असते. म्हणजे या पावडरीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅफीन आले. अर्क उतरल्यावर त्याचा सहावा हिस्सा मागे राहिला असे उदारपणे धरले, तरी चोथ्यात ५० ते ६० मिलिग्रॅम उरते. विरघळणारा भाग निघून गेल्याने कोरड्या चोथ्याचे वजन १६ ग्रॅमच्या आसपास येते, पण तो आपल्या दुप्पट पाणी धरून ठेवतो. त्यामुळे ओला चोथा सुमारे ५० ग्रॅम भरतो. पन्नास ग्रॅमात पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे हजारात एक भाग, अर्थात ०.१ टक्का.

त्वचेसाठी तयार होणाऱ्या कॅफीनयुक्त मलमांत हे प्रमाण साधारण ३ टक्के ठेवले जाते. म्हणजे चोथ्यातले कॅफीन त्याच्या तिसाव्या भागाइतके झाले. शिवाय मलमातले कॅफीन विरघळलेले असते आणि तासन्‌तास त्वचेवर राहते. चोथ्यातले कॅफीन भाजलेल्या कणांच्या आत अडकलेले असते आणि दहा मिनिटांत धुतले जाते. ज्या घरांत पहिला अर्क काढल्यावर त्याच पावडरीवर दुसरे पाणी ओततात, तिथे उरणारा हिस्सा आणखी कमी होतो.

आपल्याकडील बहुतेक फिल्टर कॉफीत चिकोरी असते, हेही ध्यानात घ्यावे. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा आपल्याकडील अन्नविषयक नियम आहे. म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरीही असू शकते आणि चिकोरीत कॅफीन मुळीच नसते. इन्स्टंट कॉफीची गोष्ट तर वेगळीच. ती म्हणजे वाळवलेला अर्क. तिचा चोथा होत नाही, पाण्यात ती पूर्ण विरघळते आणि म्हणून तिने घासणेही होत नाही. चेहऱ्याला थोडा वेळ तपकिरी रंग तेवढा येतो.

मग चोथ्यात उरते काय? मुख्यतः न विरघळणारा तंतुमय भाग, काही प्रथिने आणि तेल. कोरड्या चोथ्याच्या वजनात दहा ते पंधरा टक्के तेल असते. सौंदर्यप्रसाधनांसाठी हे तेल वापरलेल्या चोथ्यातून खरोखरच काढले जाते, पण त्यासाठी द्रावके किंवा मोठा दाब लागतो. हाताने चोळल्यावर ते फारसे बाहेर येत नाही. स्क्रबनंतर त्वचेवर जो तुकतुकीत मऊपणा जाणवतो, तो बहुतांशी आपण वरून घातलेल्या खोबरेल किंवा तिळाच्या तेलाचा असतो.

खरा फायदा: मृत पेशींचा थर खरवडणे

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. खाली नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांनी गळून पडतात. वाढत्या वयात हा काळ लांबतो. गळण्याच्या बेतात असलेल्या पेशी चिकटून राहिल्या की त्वचा खरखरीत आणि निस्तेज दिसते. कोपर, गुडघे, नडगी आणि टाचा या जागी हे विशेष जाणवते.

चोथ्याचा कण टणक, कोनेदार आणि पाण्यात न विरघळणारा असतो. तो चोळला की या सैल पेशी निघून जातात, हात फिरवल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो आणि त्यावर लावलेले तेल किंवा मलम एकसारखे पसरते. हा परिणाम खरा आहे, लगेच दिसतो आणि काही दिवस टिकतो. तो कॉफीचा खास गुण मात्र नव्हे. साखर, मीठ, जाडसर दळलेले तांदूळ किंवा न्हाणीघरातली वजरी हेच काम करते.

कॉफीची एक बाजू मात्र निःसंशय जमेची आहे. बाजारातील स्क्रबमध्ये पूर्वी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी सर्रास घातले जात. ते सांडपाण्यातून नद्या-समुद्रात जातात म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून ते हद्दपार केले. इतर अनेक देशांनीही तसेच नियम केले. कॉफीचा चोथा मातीत कुजतो. घासण्यासाठी काही वापरायचेच असेल, तर फुकटचा आणि कुजणारा पदार्थ म्हणून त्याला मान द्यायला हरकत नाही.

चोळल्यानंतर त्वचेवर येणारी लाली आणि ‘चमक’ हीही खरी असते, पण तिचा अर्थ नीट घ्यावा. घर्षणाने तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि तासाभरात पूर्ववत होतो. हात कोरडेच जोरात चोळले तरी ते तसेच लाल होतात. ही लाली म्हणजे पोषण पोचल्याची खूण नव्हे.

चेहऱ्याला हा कण मोठा पडतो

चेहऱ्यावरील मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. फिल्टरसाठी दळलेल्या कॉफीचा कण साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर भरतो. म्हणजे तो या थराच्या जाडीच्या दहा-वीस पट मोठा झाला. तळपायावर हा थर कितीतरी जाड असतो, म्हणून तिथे तोच कण निर्धोक ठरतो. चेहऱ्यावर, विशेषतः पापण्या, नाकाच्या कडा आणि गालाच्या हाडावर, तो सूक्ष्म ओरखडे काढू शकतो.

दिवाळीच्या उटण्याशी तुलना केली की हा फरक नीट उमगतो. उटण्यातील मसूर किंवा हरभऱ्याचे बारीक वस्त्रगाळ पीठ ओले झाल्यावर फुगते, मऊ होते आणि चोळताना चुरडून जाते. त्याची धार टिकत नाही. भाजलेल्या कॉफीचा कण तासभर पाण्यात राहिला तरी तितकाच टणक असतो. त्यामुळे “आजी उटणे लावत होती, तसेच हे” असे म्हणता येत नाही. दोन्ही नैसर्गिक आहेत, पण एक पीठ आहे आणि दुसरी बारीक खडी.

त्वचेचा हा थर केवळ मृत पेशींचा कचरा नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. पेशींच्या मधल्या स्निग्ध द्रव्यामुळे तो आतला ओलावा धरून ठेवतो आणि बाहेरचे जंतू, साबण व धूळ रोखतो. सैल पेशी काढणे वेगळे आणि ही भिंतच खरवडणे वेगळे. पहिले आठवड्यातून एकदा हलक्या हाताने होते. दुसरे रोजच्या उत्साहाने होते.

घासल्याने येणारा काळेपणा

आपल्या वाचकांसाठी या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी अधिक तत्पर असतात. ओरखडा, भाजणे, मुरूम किंवा सततचे घर्षण, यांपैकी कशानेही दाह झाला की त्या जास्त मेलॅनिन तयार करतात. दाह ओसरतो, पण तपकिरी डाग मागे राहतो. असा डाग जायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. रंगद्रव्य खोल उतरले असेल तर तो वर्षानुवर्षेही रेंगाळतो. गोऱ्या त्वचेवर जिथे केवळ लाली येऊन जाते, तिथे आपल्याकडे डाग उरतो.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचा एक विकार नेमका यातूनच उद्भवतो. पाठीचा वरचा भाग, गळ्याजवळचे हाड, दंड आणि हाताची बाहेरची बाजू अशा हाडाजवळच्या जागी करड्या-तपकिरी रंगाचे पट्टे उमटतात. चौकशी केली की रोज नायलॉनच्या जाळीने, काथ्याच्या घासणीने किंवा खरखरीत टॉवेलने अंग घासण्याची सवय निघते. जपानमध्ये १९८० च्या दशकात नायलॉनच्या टॉवेलमुळे होणाऱ्या अशाच डागांची नोंद झाली होती. कॉफीचा चोथा रोज आणि जोराने वापरला, तर तोही या यादीत बसतो.

यातून एक दुष्टचक्र तयार होते. मान किंवा कोपर काळे दिसते म्हणून माणूस घासतो. घासल्याने वरचा थर निघून पहिल्या दिवशी जागा किंचित उजळ भासते. दोन आठवड्यांनी ती अधिक काळी दिसू लागते आणि तो अधिक जोराने घासतो. मानेचा मखमली, जाडसर काळेपणा तर अनेकदा मळ नसतोच. वाढलेले वजन आणि शरीराचा इन्सुलिनला मंदावलेला प्रतिसाद यांची ती बाहेर दिसणारी खूण असते. तिथे स्क्रबपेक्षा रक्तातील साखर तपासून घेणे योग्य.

दावे आणि त्यांची वस्तुस्थिती

*उन्हाचा काळेपणा.* उन्हामुळे तयार झालेले मेलॅनिन जिवंत पेशींच्या थरात असते आणि त्या पेशींबरोबर हळूहळू वर येते. स्क्रबने फक्त अगदी वरचा, आधीच गळणारा भाग निघतो. त्यामुळे थोडा फरक दिसतो, पण रंग उतरतो तो नव्या पेशी वर येण्याच्या गतीनेच, म्हणजे काही आठवड्यांनी आणि तेही नवे ऊन टाळले तर. नुकत्याच करपलेल्या, चुरचुरणाऱ्या त्वचेवर स्क्रब लावणे हे तर जखमेवर खडी चोळण्यासारखे आहे.

*डोळ्यांखालची वर्तुळे.* कॅफीनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून सकाळची सूज कमी व्हावी अशी अपेक्षा असते. थायलंडमधील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी २०११ मध्ये कॅफीन असलेले आणि नसलेले जेल डोळ्यांखाली लावून तुलना केली. बहुतेकांमध्ये दोहोंत मोठा फरक आढळला नाही. सूज उतरण्यात जेलच्या थंडाव्याचाच वाटा मोठा दिसला. थंड पाण्याची घडी हे काम करते. आपल्याकडे ही वर्तुळे बहुधा आनुवंशिक रंगद्रव्यामुळे, डोळे चोळण्याच्या सवयीमुळे किंवा तिथल्या खोलगटपणाच्या सावलीमुळे दिसतात. तिथली त्वचा अंगावरील सर्वांत पातळ असल्याने चोथा त्या भागात लावूच नये.

*मांड्यांवरची खडबडीत चरबी.* सेल्युलाइट म्हणून ओळखला जाणारा हा खडबडीतपणा त्वचेखालच्या चरबीच्या गोळ्यांमुळे आणि त्यांना खाली ओढून धरणाऱ्या तंतूंमुळे येतो. प्रयोगशाळेत कॅफीन थेट चरबीच्या पेशींवर टाकले तर चरबी विघटित होते, हे खरे. रोज दोनदा लावायच्या तीव्र कॅफीनयुक्त मलमांनी मांडीचा घेर थोडासा कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. ०.१ टक्का कॅफीनचा चोथा आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चोळून तसे काही होण्याचा संभव नाही. नंतर जी घट्ट, सपाट झाल्याची भावना होते, ती चोळण्याने आलेल्या हलक्या सुजेची असते आणि काही तासांत ओसरते.

*मुरुमे.* मुरूम हा तेलग्रंथीच्या नलिकेतील अडथळा आणि आतला दाह असतो. वरून घासल्याने तो उघडत नाही. उलट फुटतो, आजूबाजूला पसरतो आणि डाग सोडतो. स्क्रबमध्ये खोबरेल तेल असेल तर चेहऱ्यावरची छिद्रे आणखी बुजण्याची शक्यता असते.

*वार्धक्य आणि ऊन यांपासून संरक्षण.* या दाव्यामागे खरे संशोधन आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की अतिनील किरण दिलेल्या उंदरांच्या त्वचेवर कॅफीन लावल्यास बिघडलेल्या पेशी अधिक प्रमाणात आपोआप मरतात आणि गाठी कमी होतात. पण ते शुद्ध कॅफीनचे द्रावण होते, उंदरांची त्वचा होती आणि उपचार कित्येक आठवडे चालला होता. त्यावरून धुऊन टाकायच्या चोथ्याबद्दल काही सांगता येत नाही. चोथा उन्हापासून संरक्षण करत नाही. उलट नुकत्याच खरवडलेल्या त्वचेला ऊन अधिक लागते.

लेपाचे खरे काम कोण करते?

फेस मास्क म्हणून चोथा दही, मध, बेसन किंवा मुलतानी मातीत मिसळतात. अशा लेपाने चेहरा ताजा वाटतो, पण त्याचे श्रेय ओलाव्याला आणि सोबतच्या पदार्थांना जाते. दह्यातील थोडे लॅक्टिक आम्ल मृत पेशींचा बंध सैल करते, मध ओलावा धरतो, मुलतानी माती तेल शोषते. चोथा त्यात निष्क्रिय पडून असतो आणि लेप काढताना घासला जातो, तेवढीच त्याची भूमिका.

कॉफीचा लेप रासायनिकदृष्ट्या सौम्य आहे. काढलेल्या कॉफीचा सामू पाचच्या आसपास असतो आणि त्वचेच्या पृष्ठभागाचाही जवळपास तेवढाच असतो. धोका असतो तो त्यात लिंबू किंवा खाण्याचा सोडा पिळल्या-मिसळल्याने. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने अतिशय आम्ल असतो. लिंबाच्या सालीतील द्रव्ये त्वचेवर राहून ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड आणि नंतर गडद चट्टे येतात. सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. हे दोन्ही वगळावेत.

लेप लावायचाच असेल तर चोथा न घालता लावणे उत्तम. चोथा हवाच असेल तर तो मिक्सरमध्ये फिरवून वस्त्रगाळ करावा, दोन चमचे दह्यात अर्धा चमचाच घालावा, डोळ्यांभोवती लावू नये आणि दहा मिनिटांत काढावा. पूर्ण वाळू देऊ नये. काढताना आधी भरपूर पाणी मारून लेप सैल करावा आणि ओघळू द्यावा. वाळलेला लेप चोळून काढणे म्हणजे नकळत केलेला जोरकस स्क्रबच होय.

अंगासाठी स्क्रब: साठवण आणि कृती

गरम पाण्यातून नुकताच निघालेला चोथा जवळजवळ निर्जंतुक असतो. पण तो ओला, पोषक आणि सच्छिद्र असल्याने बुरशीला आवडतो. कोकण-गोव्यातील दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, उघडा ठेवलेला ओला चोथा दोन दिवसांत बुरसतो. पांढरी वा हिरवट लव, ओल्या पोत्यासारखा किंवा आंबट वास आणि गुठळ्या या खुणा दिसल्या की तो थेट झाडांना द्यावा. वरची बुरशी काढून खालचा वापरू नये, कारण तिचे धागे आतवर गेलेले असतात.

दूध-साखर घालून उकळलेल्या कॉफीचा गाळणीत उरलेला चोथा स्क्रबसाठी घेऊ नये. त्यात दुधाची प्रथिने आणि साखर शिरलेली असते आणि तो काही तासांत आंबू लागतो. फक्त पाण्याने काढलेला फिल्टरचा चोथा घ्यावा. त्याच दिवशी वापरायचा नसेल तर ताटात पातळ पसरून कडक उन्हात किंवा मंद आचेच्या तव्यावर पूर्ण कोरडा करावा. बोटांमध्ये धरल्यावर तो वाळूसारखा सुटा पडला पाहिजे. असा कोरडा चोथा झाकणाच्या बरणीत काही आठवडे टिकतो. पावसाळ्यात वाळवणे जमत नसेल तर ओला चोथा फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा.

एका वेळेसाठी तीन मोठे चमचे चोथा आणि एक मोठा चमचा तेल पुरते. खोबरेल, तीळ किंवा बदाम, कोणतेही चालेल. मिश्रण ओल्या वाळूसारखे व्हावे, पातळ नको. ते लागेल तेवढेच करावे. तेल-पाण्याचे मिश्रण ओल्या हातांनी पुन्हा पुन्हा उपसले की त्यात जंतू वाढतात आणि घरच्या मिश्रणात त्यांना रोखणारे काही नसते.

पहिल्यांदा वापरताना हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहावे आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. पुढे कोमट पाण्याने अंग ओले करून कोपर, गुडघे, नडगी, टाचा अशा खरखरीत जागी बोटांच्या पेरांनी हलकी वर्तुळे काढावीत. प्रत्येक जागी अर्धे मिनिट पुरे. बोटांखाली कण घरंगळले पाहिजेत. ते त्वचेत रुतत असतील तर जोर जास्त होतो आहे. धुतल्यावर टॉवेलने टिपावे, पुसू नये आणि अंग किंचित ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावे. आठवड्यातून एकदा, कोरडी त्वचा असल्यास पंधरा दिवसांतून एकदा, एवढे पुरते. दाढी, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केल्यावर किमान दोन दिवस मध्ये जाऊ द्यावेत.

न्हाणीघरातील दोन बाबी आधीच सांभाळाव्यात. तेलाने फरशी निसरडी होते, म्हणून ज्येष्ठांनी स्टुलावर बसून स्क्रब वापरावा आणि नंतर फरशीवर साबणाचे पाणी घालावे. चोथा पाण्यात विरघळत नाही, तो सांडपाण्याच्या वाकड्या नळीत तळाशी बसतो आणि तेलाबरोबर घट्ट होऊन ती तुंबवतो. मोरीच्या जाळीवर जुना कापडाचा तुकडा टाकून चोथा गोळा करावा.

बिघडले हे कसे ओळखावे

स्क्रबनंतरची लाली तासाभरात गेली पाहिजे. ती दुसऱ्या दिवशीही टिकली, साधे पाणी किंवा नेहमीचे मलम लावताच चुरचुरू लागले, त्वचा ताणलेली आणि कागदासारखी चकाकणारी दिसली, तर वरचा थर प्रमाणाबाहेर निघाला असे समजावे. अशा वेळी स्क्रब, लेप आणि आम्लयुक्त प्रसाधने सगळीच थांबवावीत. दोन-तीन आठवडे फक्त सौम्य साबण, साधे बिनवासाचे मलम आणि दिवसा सनस्क्रीन एवढेच वापरावे. डाग पडू न देण्यासाठी या काळात ऊन टाळणे सर्वांत महत्त्वाचे. पुरळ, पू किंवा पसरणारी लाली दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

काहींनी हा प्रयोग करूच नये. इसब, सोरायसिस, सुजलेली मुरुमे किंवा उघडी जखम असणाऱ्यांना घर्षण वाढते दुखणे देते. चपटे चामखीळ घासल्याने पसरतात. पावसाळ्यात जांघेत वा कमरेला येणारा नायटा अनेकजण मळ समजून घासतात. त्याने तो बरा होत नाही, फक्त पसरतो. मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड मलम चालू असेल तर त्वचेचा वरचा थर आधीच पातळ झालेला असतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना ओरखडा पडल्याचे कळत नाही, म्हणून त्यांनी टाचांवर चोथा किंवा वजरी दोन्ही टाळावीत.

एकंदर हिशेब असा आहे. टाचा, कोपर आणि गुडघ्यांचा खरखरीतपणा कमी करायला वापरलेल्या कॉफीचा चोथा चांगला आहे आणि तो फुकट मिळतो. चेहऱ्यासाठी मऊ ओले फडके किंवा बारीक पिठाचे उटणे त्याहून सुरक्षित. डागांसाठी सनस्क्रीन आणि धीर, सुजेसाठी थंड पाणी, मुरुमांसाठी वैद्यकीय उपचार. कॅफीनचा त्वचेवर उपयोग पाहायचाच असेल तर प्रमाण छापलेले, धुऊन न टाकायचे मलम घ्यावे. फिल्टरमधले कॅफीन तर सकाळीच पिऊन झालेले असते.